‘नॉर्मल’च्या जागी आकडा लिहा

(अंबड, नाशिक येथे लघुउद्योजक आणि भरती पाहणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर एका कारखाना-डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

भरतीच्या वेळचे आरोग्य तपासणीचे फॉर्म मी रोज हाताळतो. कानाच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो, ‘नॉर्मल’. कसं ठरवलं म्हणून विचारलं, तर कळतं की उमेदवाराला मागून हाक मारली आणि त्याने ओ दिली. पण हाक ऐकू येते ती मुख्यतः 500 ते 2000 हर्ट्झच्या आवाजांवर. गोंगाटाने कान बिघडायला लागतो तो आधी 4000 हर्ट्झच्या आसपास. म्हणजे नुकसान सुरू झालेला माणूसही हाकेला बरोबर ओ देतो.

एका पोराची गोष्ट सांगतो. वय 23, प्रेस शॉपसाठी निवड झालेली. सोमवारी सकाळी नऊ वाजता त्याची ऑडिओमेट्री झाली. बंद खोलीत हेडफोन लावून, एकेका सुराचा सगळ्यात हळू कोणता आवाज ऐकू येतो ते पाहतात. उजव्या कानाला 2000 हर्ट्झवर 15 डेसिबल, 3000 वर 30, 4000 वर 45 आणि 8000 वर पुन्हा 20. आलेखात 4000 जवळ खड्डा पडलेला. या आकड्यांमध्ये लहान आकडा म्हणजे चांगला कान. 25 पर्यंत आम्ही साधारण ठीक धरतो.

अधिकारी म्हणाले, “डॉक्टर, याला नको घेऊया. पुढे आपल्यावर येईल.” मी पोराला विचारलं, “काल काय केलंस?” तो म्हणाला, “सर, ढोल पथकाची प्रॅक्टिस होती. रात्री दहापर्यंत.” गणपती महिन्यावर आले होते, आणि नाशिक ढोलाच्या ओळीत उभं राहिल्यावर कानावर काय आदळतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

मोठ्या आवाजानंतर कान काही काळ थकतो आणि बराचसा सावरतो. म्हणून पहिल्या तपासणीआधी निदान 14 तास गोंगाटापासून लांब राहायचं असतं. याचे जेमतेम 11 तास झाले होते. त्याला म्हटलं, दोन दिवस ढोल नको, कानात गाणी नकोत, बुधवारी ये. कानात मळ नाही, सर्दी नाही, हेही पाहून घेतलं. बुधवारी 2000 वर 10, 3000 वर 15 आणि 4000 वर 20 आले.

आता नीट पाहा. या तीन आकड्यांची सरासरी बुधवारी 15 येते, सोमवारी 30 होती. समजा, आम्ही सोमवारचाच कागद फाइलला लावला असता आणि तरीही त्याला घेतलं असतं. चार वर्षांनी प्रेसच्या आवाजाने त्याचा कान खरोखरच खराब होऊन सरासरी 30 झाली, तर फाइल म्हणाली असती, काहीच फरक नाही. बुधवारच्या कागदाशी ताडलं तर 15 डेसिबलची घसरण दिसते. 10 ची घसरण दिसली तरी थांबून कारण शोधायचं असतं. आणि नुसतं ‘नॉर्मल’ लिहिलेलं असेल, तर वजाबाकी कशातून करणार?

म्हणून माझ्या फॉर्मवर मी एक ओळ वाढवली आहे: शेवटचा मोठा आवाज कधी ऐकला, किती तासांपूर्वी. त्याखाली, आधी कुठे आणि कशावर काम केलं. ही माहिती पोरं लपवतात, कारण खरं सांगितलं तर नोकरी जाईल असं त्यांना वाटतं, आणि ही भीती आपणच घातलेली आहे. ‘फिट’ आणि ‘अनफिट’ यांच्यामध्ये ‘अटीसह फिट’ असा रकाना असलाच पाहिजे. ‘पुन्हा तपासावे’ हाही.

फुप्फुसांचंही असंच आहे. ‘छाती साफ’ हे स्टेथोस्कोपवरचं मत झालं. फाउंड्रीत जाणाऱ्याचं स्पायरोमेट्रीचं माप लिटरमध्ये लिहा. नाकाला चिमटा लावून, पूर्ण श्वास भरून, जोरात आणि शेवटपर्यंत फुंकायला लावा. निदान तीन फुंका नीट हव्यात आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन 150 मिलीलिटरच्या आत जुळायला हव्यात. घाईत अर्धवट फुंकलेला आकडा फाइलला लागला, तर पुढे खरी घट झाली तरी ती त्याच्याआड झाकली जाते.

डोळ्यांबद्दल एवढंच, की चष्म्यासह आणि चष्म्याविना, लांबचं आणि जवळचं, दोन्ही आकडे लिहा. पॅनेल वायरिंगच्या माणसाला रंगांच्या ठिपक्यांचं पुस्तक चांगल्या उजेडात दाखवा. पिवळ्या बल्बखाली ती तपासणी फसते.

त्या पोराला आम्ही अटीसह घेतलं. प्रेसवर कानात प्लग आणि दर वर्षी ऑडिओमेट्री. बुधवारच्या आलेखाची एक प्रत त्याच्या हातात दिली, कारण उद्या तो सिन्नरला दुसरीकडे लागला तर हाच कागद त्याला लागणार आहे. घडी घालून खिशात ठेवताना त्याने विचारलं, “सर, ढोल वाजवताना पण प्लग लावू का?” मी म्हटलं, “तिथे तर आधी लाव.”