नट मित्राला वाचायला देऊ नका

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: ॲनिमेशनच्या स्क्रिप्टचं मित्रांसोबत टेबल रीड, संवादांची तपासणी आणि वेळेचा हिशोब. वेळेचा हिशोब मी शेवटी घेणार आहे. म्हणजे तो घाईत उरकला जाणार, हे अध्यक्षांनी आत्ताच गृहीत धरावं.

टेबल रीड म्हणजे टेबलाभोवती बसून स्क्रिप्ट मोठ्याने वाचणं, हे इथे सांगायची गरज नाही. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी ते केलंय आणि उरलेल्या निम्म्यांना कुणीतरी जबरदस्तीने वाचायला बसवलंय. आपल्याकडे आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि चित्रं त्याच्यावर बेततात, हेही तुम्हाला ठाऊक आहे. पात्राचे ओठ एकदा त्या आवाजाला जुळवले की 'हा शब्द जरा बदलूया का' असं म्हणणाऱ्या लेखकाकडे सगळे कसे बघतात, तेही काहींनी अनुभवलं असेल. म्हणून संवाद कागदावर असतानाच पकडायचे.

आता माझा मुद्दा. मित्रांना बोलवा, पण त्यातल्या नटाला वाचायला देऊ नका. ही माझी जुनी तक्रार आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

माझ्या एका मैत्रिणीने छोट्या फिल्मची स्क्रिप्ट लिहिली होती. शेतातलं एक बुजगावणं आणि एक कावळा. गंमत अशी, की बुजगावणंच कावळ्याला घाबरतं. वाचनाला आम्ही काही जण जमलो आणि बुजगावण्याची भूमिका गेली आमच्यातल्या एकुलत्या एक नाटकवाल्याकडे. त्यात एक वाक्य होतं: "मला इथे एकटं वाटतं, पण तसं काही नाही म्हणा." साधं वाक्य. या गृहस्थाने "एकटं वाटतं" म्हटलं आणि थांबला. खाली बघितलं. डोक्यावर टोपी नव्हती, पण ती सावरली. मग एक उसासा, आणि कुणीतरी ऐकेल या धास्तीने घाईघाईत "पण तसं काही नाही म्हणा". खोलीतले सगळे गलबलले. मैत्रिणीने त्या वाक्यासमोर कागदावर चांदणी काढली. काढणारच. तुम्हीही काढली असती.

पुढे ॲनिमॅटिक झालं, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं आवाजासोबत वेळेवर लावून बघितली. त्यात तात्पुरता आवाज, म्हणजे स्क्रॅच ट्रॅक, एडिटिंग करणाऱ्या मुलाने स्वतःच देऊन टाकला, सरळ आणि सपाट. ते वाक्य दोन सेकंदांत निघून गेलं. काहीच वाटलं नाही. का वाटलं नाही, यावर पुष्कळ खल झाला. कुणी म्हणालं संगीत हवं, कुणी म्हणालं क्लोजअप हवा. अहो, कारण साधं होतं. तो थांबा स्क्रिप्टमध्ये नव्हताच! टोपी नव्हती, उसासाही नव्हता. स्टोरीबोर्डवाल्याने कागदावर जे होतं त्याचं एक चित्र काढलं, त्याचं काय चुकलं? ज्यामुळे सगळे गलबलले ते सगळं नटाने आपल्या खिशातून आणलं होतं, आणि जाताना तो ते घेऊन गेला. (हशा)

नटांनी रागवू नये. पडलेलं वाक्य उचलणं हेच त्यांचं काम. पण टेबल रीडला आपण वाक्य पडतं कुठे हे बघायला बसतो, आणि हा मनुष्य ते जमिनीला लागूच देत नाही. म्हणून वाचायला बरं वाचता येणारी पण अभिनय न येणारी माणसं हवीत. स्क्रिप्ट आधी पाठवायची नाही. पाठवली की ती घरी मनात वाचून येतात, अडखळायची ती घरीच अडखळतात. आपल्याला ते अडखळणं टेबलावर हवं असतं.

लेखकाने स्वतः काहीही वाचायचं नाही. त्याने हातात पेन्सिल घ्यायची आणि तोंड मिटायचं. यातलं दुसरं अवघड असतं. आणखी एक पथ्य: एकमेकांशी बोलणारी दोन पात्रं एकाच मित्राला देऊ नका. दिलीत, तर दोघं सारख्या भाषेत बोलतायत हे कळणारच नाही, कारण तो आवाज बदलून वेळ निभावून नेईल.

आता पेन्सिलीने काय टिपायचं? त्याच स्क्रिप्टमधलं उदाहरण देतो. नट बाजूला ठेवून मैत्रिणीने दुसरं वाचन केलं, तेव्हाचं. कावळा खांद्यावर येऊन बसतो आणि बुजगावणं म्हणतं, "अरे, तू माझ्या खांद्यावर का येऊन बसलास?" कुणी अडखळलं नाही, वाक्य सुरळीत गेलं. पण त्याच्या आधीची कृतीची ओळ होती, 'कावळा बुजगावण्याच्या खांद्यावर बसतो.' दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर लक्षात आलं की एकच गोष्ट दोनदा सांगितली जातेय. पडद्यावर कावळा दिसणारच आहे. नवीन वाक्य झालं, "तिथं नको. तिथं गुदगुल्या होतात." हा दोष मनात वाचताना सापडत नाही, कारण मनात आपण कृतीच्या ओळींवरून घसरत जातो. म्हणून त्या मोठ्याने वाचायला एक स्वतंत्र माणूस हवा.

दुसरं वाक्य असं होतं: "ज्या मालकाने मला इथे उभं केलं त्याच्याच मुलीने काल पाऊस पडत असताना मला दिलेली छत्री तू पळवलीस!" वाचणारी मुलगी "मला दिली" म्हणून थांबली. मग पुढची 'छत्री' दिसली, मागे आली, पुन्हा वाचलं. अशा वेळी लेखक लगेच "दिलेली, दिलेली" म्हणून दुरुस्ती करतो. करू नका! ती जिथे थांबली तिथेच मराठी बोलणारा माणूस थांबतो. तिने काय म्हटलं ते जसंच्या तसं समासात लिहून घ्या, ती फुकट मिळालेली दुरुस्ती आहे. शेवटी वाक्य असं झालं: "छत्री कुठाय? मालकाच्या मुलीनं दिली होती. काल. पावसात." अर्थात एकाने अडखळणं म्हणजे वाक्याचा दोष असं नाही, कधी छपाई बारीक असते, कधी चष्मा घरी राहिलेला असतो. तेच पान भूमिका बदलून पुन्हा वाचायचं. दुसराही त्याच जागी अडखळला तर मग शंका नको.

तिसरी जागा विनोदाची. कावळा म्हणतो, "मला घाबरवणं तुझं काम ना? मग घाबरव की." त्यावर बुजगावणं: "घाबरवतो, पण आधी तू जरा लांब जाऊन बसशील का, कारण मला भीती वाटते." लोक हसले कुठे? "लांब जाऊन बसशील का" इथे. "कारण मला भीती वाटते" हे हसण्याखाली बुडालं. लेखक सुखावतो, हशा मिळाला म्हणून. पण हशा कुठल्या अक्षरावर फुटला तिथे उभी रेघ मारा आणि रेघेच्या पुढे काय उरलं ते बघा. उरतो तो खुलासा. वाक्य झालं, "घाबरवतो. आधी जरा लांब बस." विनोदामागे असं शेपूट फार सहज लागतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. ठीक आहे, वेळेचा हिशोब.

फिल्म तीन मिनिटांची ठरली होती. टेबल रीड घड्याळ लावून केलं, भरलं दोन मिनिटं चाळीस सेकंद. सगळे खूश. पण हा आकडा खोटा आहे. एक पान म्हणजे एक मिनिट हा माणसांच्या सिनेमातला ढोबळ आडाखा इथे फसतो, आणि कृतीच्या ओळी वाचायला लागणारा वेळ व पडद्यावर लागणारा वेळ यांचा तर काहीच संबंध नसतो. पहाटेच्या शेताचं वर्णन पाच ओळींचं होतं, वाचायला वीस सेकंद, पडद्यावर चार पुरे. उलट 'बुजगावणं वाऱ्याने कलतं आणि हळूहळू सरळ होतं' हे चार सेकंदांत वाचून होतं आणि घडायला नऊ लागतात.

म्हणून दोन घड्याळं. एकावर फक्त संवाद, इतर वेळी ते थांबवायचं. तो आकडा आला एक मिनिट पंचवीस सेकंद. म्हणजे कृतीच्या ओळींचं नुसतं वाचन एक मिनिट पंधरा. हे पंधरासकट फेकून द्यायचं आणि प्रत्येक कृती उभं राहून करून बघायची, दुसऱ्याने वेळ लावायची. आणि इथे, मंडळी, नटाला बोलवा! कलणं, दचकणं, टोपी सावरणं, हे सगळं त्याला करू द्या. ॲनिमेटर स्वतःच्या हालचालींना स्टॉपवॉच लावतातच, आपण ते लिहितानाच करायचं. असा कृतींचा खरा वेळ निघाला दोन मिनिटं वीस सेकंद. संवाद चालू असताना जी हालचाल होते ती यात धरायची नाही, नाहीतर ती दोनदा मोजली जाते. बेरीज तीन मिनिटं पंचेचाळीस. पंचेचाळीस सेकंद जास्त. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर 1080 फ्रेम, आणि दोन फ्रेमना एक चित्र असं हाताने काढायचं तर 540 चित्रं, तीही एका पात्राची. कावळ्याची वेगळी.

बेरीज जुळली तरी तोल जुळतो असं नाही. एक लांब पट्टी काढा, दहा सेकंदाला एक सेंटिमीटर. संवाद निळ्याने, कृती लाल रंगाने भरा. मैत्रिणीच्या पट्टीत सुरुवातीला पाच सेंटिमीटर नुसतं लाल होतं आणि मधे साडेचार सेंटिमीटर सलग निळं, म्हणजे पंचेचाळीस सेकंद दोन पात्रं जागेवर उभी राहून बोलतायत. वाचताना तो भाग कुणालाच लांबलेला वाटला नव्हता. टेबलावर सगळे बसूनच असतात ना! तिने छत्रीचं भांडण ओढाओढीत घातलं, काही वाक्यं त्या ओढाओढीच्या वेळात गेली, आणि सुरुवातीचा वारा निम्म्यावर आणला.

एक मर्यादा सांगतो आणि थांबतो. दृश्य विनोद टेबलावर तपासता येत नाही. कृतीची ओळ मजेदार लिहिलेली असली की लोक ओळीला हसतात, पडद्यावर ती ओळ नसते. त्यासाठी ॲनिमॅटिकच लागतं. आणि वाचून झाल्यावर "कसं वाटलं?" विचारू नका, सगळे "छान" म्हणतात. "कावळा शेवटी का उडून गेला?" असं विचारा. चार जणांनी चार कारणं दिली, तर कुठलं पान उघडायचं ते कळतं. दुरुस्तीनंतरच्या वाचनाला मात्र निदान दोन माणसं नवी आणा, जुन्यांना कावळा का गेला ते आता पाठ झालेलं असतं. प्रश्न असतील तर घेतो, अध्यक्ष परवानगी देतील तेवढे.