अश्वशक्ती पुरते, मग चाकं का घसरतात?

आज एकच उदाहरण घेऊ. ४५ अश्वशक्तीचा, दोन टन वजनाचा, मागच्या दोन चाकांनी चालणारा ट्रॅक्टर आहे आणि त्याला तीन फाळांचा पलटी नांगर जोडायचा आहे.

आधी ओढ काढू. प्रत्येक फाळ ३० सेंटिमीटर रुंद, खोली २० सेंटिमीटर, म्हणजे मातीचा काप १८०० चौरस सेंटिमीटरचा. मध्यम जमिनीत दर चौरस सेंटिमीटरला ७ न्यूटन धरले, तर ओढ होते १२.६ किलोन्यूटन. ताशी साडेचार किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १.२५ मीटर वेगाने नांगरलं, तर ड्रॉबारवर, म्हणजे ट्रॅक्टर नांगर ओढतो त्या टोकाला, लागतात जवळपास १६ किलोवॅट. इंजिनाच्या शक्तीपैकी साधारण ६० टक्केच शेतात ड्रॉबारपर्यंत पोचते, म्हणून इंजिनाकडून २६ हवेत. कठीण पट्ट्यासाठी थोडी राखीव ठेवली की ३३ किलोवॅट, म्हणजे जवळपास ४५ अश्वशक्ती. जुळलं!

बहुतेक जण इथेच वही मिटतात. पण नांगर ओढतं ते चाक, आणि चाकाची पकड अश्वशक्तीवर नाही, त्याच्यावरच्या वजनावर ठरते. मागच्या चाकांवर ट्रॅक्टरचे सुमारे १२ किलोन्यूटन येतात. नांगराचा भार आणि पुढून मागे सरकणारं वजन धरून ते १८ समजा. घट्ट जमिनीत १५ टक्के स्लिपला, म्हणजे चाक १५ टक्के घसरत असताना, ओढ या वजनाच्या साधारण निम्मी मिळते, म्हणजे ९ किलोन्यूटन. आपल्याला हवी १२.६. इंजिन तयार आहे, पण चाक जागच्या जागी माती खरवडतं.

स्लिप मोजायला दोरी आणि खडू पुरतो. मागच्या चाकावर खूण करा आणि नांगर उचलून दहा फेऱ्यांचं अंतर मोजा, समजा ४० मीटर. मग नांगर जमिनीत घालून, त्याच गिअरमध्ये पुन्हा दहा फेऱ्या मोजा. ३४ मीटर भरले तर स्लिप १५ टक्के, २८ भरले तर ३०. न मोजताही अंदाज येतो: टायरच्या खाचांचे ठसे थोडे पुसट पण ओळखू आले तर ठीक, पूर्ण पुसले गेले तर स्लिप जास्त आहे.

डिझेलचा हिशोब इथेच लागतो. तासाचं डिझेल तेवढंच धरलं, तर १५ वरून ३० टक्क्यांवर गेल्यावर तेवढंच शेत नांगरायला सुमारे २१ टक्के जास्त डिझेल जातं, कारण ०.८५ भागिले ०.७० म्हणजे १.२१. टायरची झीज वेगळी.

चाकांवर वजन वाढवणं हा उपाय मर्यादेतच चालतो. जादा वजनाने माती दबते आणि ट्रॅक्टर स्वतःलाच ओढण्यात शक्ती घालवतो. मी एक फाळ काढेन. दोन फाळांची ओढ ८.४ किलोन्यूटन, ती पकडीत बसते. उरलेली शक्ती वरच्या गिअरमध्ये वापरायची. वेगाबरोबर ओढही थोडी वाढते, म्हणून गिअर बदलल्यावर दहा फेऱ्या पुन्हा मोजा.