लाइन गेली तेव्हाचा क्लोजअप

[दृश्य: नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर. खिडकीत लोखंडी कूलर, त्याच्या जाळीतून पाणी ठिबकतंय. खाली ठेवलेली बादली अर्धी भरलेली.]

निवेदन: एका संवादाचं चित्र आणि आवाज कापून कसे जोडले, त्याची ही गोष्ट. मे महिना, दुपारचे दोन. आमच्या शॉर्टफिल्ममध्ये बापाचं काम करणारे काका सत्तरीचे. त्यांचा क्लोजअप लागला तेव्हा कूलर बंद करा म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. काका वाक्यं बोलले आणि कूलर त्यांच्यामागे घरघरत राहिला.

[दृश्य: कॅमेरा मुलीकडे वळतो. पंखा थांबतो. सगळे वर पाहतात.]

मग मुलीचा क्लोजअप लावला, आणि लाइन गेली. कॅमेरा बॅटरीवर, उजेड खिडकीचा, म्हणून शूटिंग थांबवलं नाही. मुलगी इतकी छान बोलली की तोच टेक ठरला. सहा वाक्यांचा संवाद आहे. अर्धा कूलरसकट, अर्धा कूलरशिवाय.

[दृश्य: लाइन परत आलेली. साउंड रेकॉर्डिस्ट कानाला हेडफोन लावून बूम धरून उभा. बाकी सगळे आपापल्या जागी पुतळ्यासारखे.]

हा मिनिटभराचा शॉट आम्ही मुद्दाम पूर्ण ठेवला आहे. लाइन आल्यावर रेकॉर्डिस्टने सगळ्यांना जागेवर थांबवलं. काकांच्या क्लोजअपच्या वेळी माइक जिथं होता तिथंच धरला, आणि एक मिनिट नुसती कूलरची घरघर रेकॉर्ड केली. कोणी हललं नाही, भांडं वाजलं नाही. एक जण हळूच म्हणाला, "काय करून राहिला हा?" तेवढं त्यात आलंच. तरी पंचावन्न सेकंद स्वच्छ मिळाले.

[दृश्य: धरमपेठेतली एडिटिंगची खोली. स्क्रीनवर टाइमलाइन. वर चित्राच्या पट्ट्या, खाली आवाजाच्या.]

ही एडिटर. आम्ही सगळे ताईच म्हणतो. पहिल्या जोडणीत तिने सगळे कट सरळ ठेवले. बाप बोलला की बापाचं चित्र आणि बापाचा आवाज, मुलगी बोलली की दोन्ही मुलीचे. आधी ऐका.

[ध्वनी: मुलगी – "बाबा, मोपेड कुठं आहे?" खोली शांत. कट. घरघर सुरू. बाप – "विकली. पडूनच होती ना, गंज चढून राहिला होता." कट. घरघर गायब. मुलगी – "मला विचारलं काहून नाही?"]

कोणीतरी कूलरचं बटण दाबत बसल्यासारखं वाटतं. स्क्रीनवरही ते दिसतं. बापाच्या पट्टीत दोन शब्दांच्या मधली रेघ जाड आहे, मुलीच्या पट्टीत तीच रेघ केसासारखी बारीक. वाक्यं बाजूला ठेवा, ती मधली रेघ बघा. कट कानाला का टोचतो ते तिथं कळतं.

[दृश्य: ताईचा हात माउसवर. पट्टीच्या कडेवर झूम.]

नवशिका एडिटर इथं लगेच जे-कट मारतो. पुढच्या माणसाचा आवाज त्याच्या चित्राच्या आधी सुरू करायचा, तो जे-कट. मागच्या माणसाचा आवाज त्याचं चित्र गेल्यावरही चालू ठेवायचा, तो एल-कट. नावं टाइमलाइनवरच्या आकारावरून पडली. वर चित्र, खाली आवाज. आवाजाची पट्टी डावीकडे लांबली की इंग्रजी जे अक्षराचं शेपूट दिसतं, उजवीकडे लांबली की एलचा पाय.

पण घरघर तशीच ठेवून कड सरकवली, तर खोली जास्त बिघडते. आता घरघर मुलीच्या चेहऱ्यावर, मध्येच सुरू होते. आधी निदान चित्र बदलत होतं, डोळ्याला काहीतरी कारण मिळत होतं. आता तेही नाही. जे-कट आवाजातला फरक मिटवत नाही, त्याची जागा बदलतो. फरक मिटवायचं काम आधी वेगळं करावं लागतं.

[दृश्य: तिसऱ्या ट्रॅकवर कूलरची लांब पट्टी खाली येते.]

म्हणून ते एक मिनिट. ताईने तीन ट्रॅक केले. A1 वर बाप, A2 वर मुलगी, A3 वर नुसता कूलर. बापाच्या वाक्यांमागची घरघर काढायला गेलं तर काकांचा आवाजही सोलला जातो, पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा होतो. त्यामुळे उलटं केलं. जिथं शांत होतं तिथं कूलर लावला. A3 ची पट्टी फक्त मुलीच्या वाक्यांखाली ठेवली, बापाच्या खाली नाही. तिथं आधीच एक कूलर आहे. दुसरा घातला तर घरघर तीन डेसिबलने चढते, आणि तोच उपद्रव उलट्या बाजूने परत येतो.

दोन्हींच्या सांध्यावर छोटा क्रॉसफेड दिला. बापामागची घरघर उतरते तशी A3 ची चढते. क्रॉसफेड किती फ्रेमचा, हे ताईने डोळे मिटून ठरवलं. सांधा कुठं आहे ते सांगता येईना, तेव्हा थांबली.

[दृश्य: ताई डोळे मिटून, हात कीबोर्डवर. मागे खिडकीतून रस्त्यावरचे हॉर्न.]

आता कट. आमचं शूटिंग सेकंदाला 25 फ्रेमचं, म्हणजे एक फ्रेम सेकंदाच्या पंचविसाव्या भागाएवढी. ताईने प्रीमियर प्रो सॉफ्टवेअरमध्ये N दाबून रोलिंग एडिट टूल घेतलं, Alt धरलं आणि फक्त चित्राची कड ओढली. आवाजाला हात लावला नाही. चित्राची कड सरकली तरी ओठ आणि शब्द जुळलेले राहतात. अख्खी पट्टी ओढली असती तर जुळणी सुटली असती. आमच्या मदतनीस पोराने एकदा नेमकं तेच केलं. पट्टीच्या कोपऱ्यात लाल आकडा उमटला, किती फ्रेमने आवाज सुटला ते सांगणारा, आणि तो आकडा पाहून त्याचा चेहरा.

[दृश्य: मदतनीसाचा चेहरा. तीन सेकंद.]

पहिला कट. मुलगी विचारते, "मोपेड कुठं आहे?" बाप म्हणतो, "विकली." सरळ कटात हा शब्द आपण बापाच्या तोंडावर पाहतो. पण बातमी लागते कोणाला? ताईने बापाचं चित्र 14 फ्रेम उशिरा आणलं. "विकली" हा शब्द पूर्ण मुलीच्या चेहऱ्यावर पडतो, आणि "पडूनच होती ना" म्हणताना बाप दिसतो. अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. दीड सेकंद केलं तेव्हा बघणाऱ्याने विचारलं, "कोण बोलून राहिलं हे?" तिथून मागे आली.

[ध्वनी आणि दृश्य: पहिला कट, नवा. एकदा पूर्ण.]

दुसरा कट एलचा. बाप बोलतोच आहे, "गंज चढून राहिला होता," आणि आपण मुलीकडे जातो. साधारण 32 फ्रेम ती नुसती ऐकते. इथं एक अडचण निघाली. ठरलेल्या टेकमध्ये ऐकता ऐकता तिचे ओठ हलले होते. बहुतेक "हं" म्हणाली. बापाचा आवाज आणि हिचे ओठ हलतात, म्हणजे तिने काहीतरी म्हटलं आणि आपण ऐकू दिलं नाही, असं वाटतं. एल-कट बिघडण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. ऐकणाऱ्याचे ओठ बघायला कोणी जात नाही.

[दृश्य: दोन टेक शेजारी शेजारी. डावीकडे ओठ हलतात, उजवीकडे स्थिर.]

ताईने दुसऱ्या टेकमधून तिचा चेहरा घेतला. तोही त्या संवादातला नाही. प्रश्न विचारायच्या आधी ती काकांकडे बघत उभी होती, तो. त्या तुकड्याचा आवाज फेकून दिला, कारण ऐकायचा आहे तो बापाचा. डोळे योग्य दिशेला होते, ओठ बंद होते, एवढं पुरलं.

यानंतर मुलीचं "मला" बापाच्या "होता" वर थोडं चढवावं, भांडणात चढतं तसं, असं ताईला वाटत होतं. पण आधी बापाच्या ट्रॅकने रस्ता अडवला. त्याच्या क्लोजअपला कॅमेऱ्यामागून मुलगी वाक्यं देत होती आणि तिने घाईत "मला" त्याच्या "होता" वरच बोलून टाकलं होतं. म्हणजे काकांच्या माइकवर तिचा दूरचा आवाज मुरलेला. त्यावर तिचा जवळचा आवाज ठेवला की दोन मुली एकदम बोलतात, विहिरीतून बोलल्यासारखं घुमतं. म्हणून क्लोजअप घेताना कॅमेऱ्याबाहेरच्या नटाने समोरच्याचं वाक्य संपू द्यायचं असतं. एकमेकांवर चढवणं टेबलावर होतं. सेटवर चढलेलं मात्र सोडवता येत नाही. त्या जागी आवाजाचा कट सरळच राहिला.

[दृश्य: सेटवर दिग्दर्शक कॅमेऱ्यामागे. मुलगी वाक्यं देते.]

"काय विचारायचं त्यात? तू तर पुण्यात राहून राहिली." इथंही सरळ कट. बाप तोडून बोलतो, तर कटही तोडलेला. आम्ही ताईला विचारलं, प्रत्येक कट पुढेमागे केला तर? तिने करून दाखवलं. सहाच्या सहा वाक्यांचे कट सारख्या लांबीने सरकवले, आणि संवाद झोपाळ्यासारखा एका लयीत डोलायला लागला. भांडण गेलं.

[ध्वनी: डोलणारी आवृत्ती, चार सेकंद.]

उरलं मुलीचं शेवटचं वाक्य. "आईची होती ते." या वाक्यावर मुलीचं चित्र येतच नाही. आवाज A2 वरून, चित्र बापाचं. त्याच्या ट्रॅकवरचा तिचा दूरचा आवाज कापला आणि त्या भोकात A3 चा कूलर भरला, नाहीतर तिथं घरघर एक क्षण मेली असती. मग दोन सेकंद नुसता कूलर. त्या मिनिटातले हे दोन सेकंद. रेकॉर्डिस्टला हे माहीत नव्हतं. तो स्क्रीनसमोर बसून ऐकत होता, तेव्हा त्याने फक्त हेडफोन काढून परत लावला.

[दृश्य: रेकॉर्डिस्ट. हेडफोन.]

फिल्म पाच मिनिटांची झाली. एका महाविद्यालयाच्या सभागृहात दाखवली, आणि कूलरबद्दल कोणी काही बोललं नाही.

आता तो प्रसंग सलग. शेवटचा कट बघा. तिथं ताईने चित्र आणि आवाज एकाच फ्रेमवर, करकचून कापले आहेत. घरघर तिथंच थांबते, क्रॉसफेड न देता.

[दृश्य आणि ध्वनी: संवाद सुरुवातीपासून. बापाचा चेहरा. "आईची होती ते." कूलर. दोन सेकंद. बाप – "म्हणूनच." कट. अंगण. मोपेड उभी असायची तिथं फरशीवर तेलाचा डाग. आवाज नाही.]