घड्याळ कधी सुरू होतं?

(माध्यम अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

एडिटरच्या जागेसाठी आलेल्या मेलमध्ये मी आधी शोरीलची लिंक दाबतो, आणि बऱ्याचदा समोर परवानगी मागणारी पाटी येते. ड्राइव्हवर फाईल टाकली, की ती मुळात फक्त तुमच्यापुरती असते. शेअरिंगमध्ये जाऊन Anyone with the link करावं लागतं. तुमच्या ब्राउझरमध्ये तुम्ही लॉगिन असता, म्हणून तुम्हाला ती दिसते. तेव्हा मेल पाठवण्याआधी लिंक इन्कॉग्निटोमध्ये उघडून बघा. दुसरं म्हणजे, व्हिडिओ नुकताच चढवला असेल तर ड्राइव्ह त्यावर प्रक्रिया करत असतं आणि तो लगेच नीट चालत नाही. त्यापेक्षा यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवलेला बरा. आणि फाईल मेललाच जोडू म्हणाल, तर जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे. तेवढ्यात बसवायला चित्राची रया जाते.

रील मिनिट-दीड मिनिटाची पुरे. सुरुवातीला स्वतःच्या नावाचं फिरणारं ॲनिमेशन नको, थेट काम दाखवा. खाली एक ओळ हवी: ‘कट आणि साऊंड माझा, कलर दुसऱ्याचा.’ ही ओळ वाचली की मला त्या माणसावर जरा जास्त भरवसा वाटतो. पण रील झटपट शॉट्सची असते. बारा मिनिटांच्या गप्पा कंटाळवाण्या न होऊ देणं त्यात दिसत नाही. आम्ही मुलाखती करतो, म्हणून मला सोबत एक अखंड भागही लागतो.

आता वेळेबद्दल. ‘24 तासांत काम देईन’ असं बरेच जण लिहितात. पण चोवीस तास कधीपासून? होकार दिल्यापासून, फुटेज पोचल्यापासून, की सूचना मिळाल्यापासून? आणि शेवटी हातात काय पडणार, पहिला कट की फायनल?

एक काम घेऊन हिशेब करू. दोन कॅमेऱ्यांवर शूट केलेली चाळीस मिनिटांची मुलाखत आहे, तिचा बारा मिनिटांचा भाग करायचा आहे. दोन्ही कॅमेऱ्यांचं फुटेज मिळून 60 जीबी झालं समजा. 50 एमबीपीएसचा वेग अखंड मिळाला, तरी ते उतरवायलाच दोन तास चाळीस मिनिटं लागतात. घरच्या वायफायवर त्याहून जास्तच. मग दोन्ही कॅमेरे आवाजाशी जुळवायचे, पूर्ण मुलाखत एकदा तरी नीट ऐकायची, काय ठेवायचं ते ठरवायचं. पहिला दिवस इथेच संपतो, टाइमलाइनवर म्हणावा तसा कट अजून झालेलाही नसतो. दुसऱ्या दिवशी कट उभा राहतो, तिसऱ्या दिवशी आवाज, पाट्या आणि एक्सपोर्ट. मराठी पाट्यांना वेळ जातो, कारण सॉफ्टवेअरचं सेटिंग चुकलं की जोडाक्षरं फुटतात आणि प्रत्येक पाटी डोळ्यांखालून घालावी लागते.

हे सगळं मेलमध्ये लिहायचं नाही. त्यातून निघालेलं एवढंच लिहायचं:

‘अशा मुलाखतीचा पहिला कट: सगळं फुटेज आणि सूचना हाती आल्यापासून कामाचे तीन दिवस. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. सगळ्या सूचना एकत्र मिळाल्यावर प्रत्येक फेरीला एक दिवस. सबटायटल्स हव्या असल्यास आणखी एक दिवस. रविवारी काम बंद.’

यातला ‘एकत्र’ हा शब्द फार कामाचा आहे. तो नसेल तर सकाळी निर्मात्याची सूचना येते, दुपारी निवेदकाची, रात्री पाहुण्यांचा फोन, आणि एक फेरी आठवडाभर चालते.

असं टिपण आलं की मी कॅलेंडर उघडतो. समजा आमचा भाग शुक्रवारी संध्याकाळी जायचा आहे आणि फुटेज सोमवारी सकाळी देता येतं. पहिला कट बुधवारी संध्याकाळी येईल. आम्ही रात्रीच बघून सूचना पाठवल्या तर दुरुस्त कट गुरुवारी संध्याकाळी, आणि दुसरी फेरी लागली तर शुक्रवारी संध्याकाळी. म्हणजे भाग जायच्या ऐन वेळी! सबटायटल्स धरल्या तर बसतच नाही. पण म्हणून मी त्या मुलाला नाही म्हणत नाही. फुटेज शनिवारी सकाळीच पोचवलं, तर रविवार सोडूनही पहिला कट मंगळवारी संध्याकाळी मिळतो आणि आम्हाला एक दिवस मोकळा राहतो. तो शनिवारी फुटेज घेईल का, एवढंच मी उलट मेलमध्ये विचारतो. ‘24 तासांत’ लिहिणाऱ्याला मात्र मला आधी चार प्रश्न विचारावे लागतात, आणि पन्नास मेल पडलेल्या असताना ते विचारायला कोणी बसत नाही.