उडी डबलची, चेहरा हिरोचा

हा जो माणूस खुर्चीत बसून तोंडावर ठिपके लावून घेतोय ना, तो हिरो नाही, हिरोचा डबल आहे. वाईजवळचा जुना वाडा, वरच्या सज्ज्यातून हा गडी खाली चौकात उडी मारणार, कडब्याखाली लपवलेल्या मॅटवर पडणार आणि उठता उठता मान वळवून सरळ कॅमेऱ्यात बघणार. गोची तिथेच आहे. पाठमोरा राहिला असता तर प्रश्नच नव्हता, पण डिरेक्टरला मध्ये कट नकोय, म्हणजे शेवटच्या चारेक सेकंदांत याच्या चेहऱ्यावर हिरोचा चेहरा बसवायचा. १९९३च्या ज्युरासिक पार्कमध्ये स्टंट करणाऱ्या बाईने चुकून वर बघितलं म्हणून नंतर तिचा चेहरा बदलावा लागला होता. इथे मात्र कॅमेऱ्यात बघायचं हे आधीपासूनच ठरलंय, म्हणून सकाळपासून ही तयारी.

आता ठिपके नीट बघा. कपाळावर, कानशिलांवर, नाकाच्या वरच्या हाडावर, गालाच्या हाडांवर. मऊ गालावर नाही, ओठांजवळ तर अजिबात नाही. कारण कॉम्प्युटरला आधी एवढंच शोधायचंय की डोकं कुठल्या क्षणी कुठे वळलं, आणि माणूस ओरडला, दातओठ खाल्ले की गाल हलतात, कवटी हलत नाही. हनुवटीवरचा तो एक ठिपका फक्त जबड्यासाठी. डावी-उजवी बाजू मुद्दाम सारखी ठेवलेली नाही, म्हणजे कुठला ठिपका कुठला हे गोंधळायला नको. रंगही चकाकणारा नाही, नाहीतर उन्हात ठिपका कुठला आणि घामाचा थेंब कुठला तेच कळत नाही.

हे बघा, पहिला टेक झाला आणि नाकावरचा ठिपका पुसला गेला. मेकअप दादा लगेच मोबाईल काढतात, त्यात समोरून आणि दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो आहेत, ते बघून ठिपका त्याच जागी. डबलच्या डोक्याचा स्कॅन याच ठिपक्यांसकट सकाळी घेतलाय, ते इकडे तिकडे सरकले तर स्कॅनशी जुळणार नाहीत. "दादा, अजून खाली, हां, तिथंच," एवढंच चाललंय, पण पुढची अर्धी लढाई इथेच आहे.

टेक ओके. सगळे टाळ्या वाजवतात, असिस्टंट ओरडतो "चला पुढचा शॉट", लाईट दादा स्टँडला हात घालतात आणि हे बघा, व्हीएफएक्स सुपरवायझर कॅमेऱ्यासमोर आडवे उभे राहिलेत. "प्लेट राहिलीये. कुणी हलू नका." क्लीन प्लेट म्हणजे तीच फ्रेम, तोच लाईट, फक्त माणूस नाही. कशाला लागते? डबलचा जबडा रुंद, कान बाहेर आलेले, हिरोचं तोंड निमुळतं. हिरोचा चेहरा बसवला की बाजूने डबलचा कान डोकावणार, तो पुसला की तिथे भोक, आणि त्या भोकात मागचा लाकडी खांब दिसायला हवा. तो खांब प्लेटमधून येतो.

फोकस पुलर काय करतोय बघा. समोर माणूस नाहीये, तरी फोकस जिथे माणसाचं तोंड होतं तिथेच धरून ठेवलाय. खांबावर नेला तर प्लेटमध्ये खांब कडक दिसेल आणि मूळ शॉटमध्ये मऊ, मग जोड लपत नाही. कॅमेरा उडीबरोबर खाली येतो, पण मान वळायच्या आधी थांबतो, हे डिरेक्टरला आदल्या दिवशीच पटवलं होतं, म्हणून एक स्थिर प्लेट पुरते. तो हलत राहिला असता तर प्लेटसाठीही तीच हालचाल तशीच करावी लागली असती. उडीची धूळ मात्र प्लेटमध्ये नाही, ती वेगळी घेतली.

प्लेटला किती वेळ लागतो? दहा-पंधरा सेकंद. तेवढ्यासाठी सेटवर भांडावं लागतं हे आपल्याकडचं नेहमीचंच. आणि नाही घेतली तर नंतर कॉम्प्युटरवर बसलेली पोरं फ्रेम-फ्रेमने भिंत रंगवत बसतात, चार सेकंदांच्या ९६ फ्रेम.

मग करडा आणि चकचकीत असे दोन गोळे कॅमेऱ्यासमोर धरून ऊन कुठून येतंय ते टिपून घेतलं आणि लगेच हिरोला व्हॅनमधून बोलावलं, ऊन सरकायच्या आत. तीच जागा, तीच लेन्स, कॅमेऱ्यापासून तेवढंच अंतर. अंतर कमी करून चेहरा मोठा घेतला तर नाक पुढे येतं आणि कान मागे जातात, मग तो या शरीरावर चिकटवल्यासारखाच दिसतो. मॉनिटरवर डबलचा टेक चालू आहे आणि हिरो तो बघून बघून मान वळवायची सवय करतोय.

आता तयार शॉटमधली अडचणीची जागा. मान झटक्यात वळते तेव्हा या सुरुवातीच्या फ्रेममध्ये ठिपक्यांच्या नुसत्या रेघा झाल्यात, ट्रॅकिंग इथे सुटतं. म्हणून तिथे हिरो बसवलाच नाही, त्या ब्लरमध्ये डबलच आहे आणि मान मंदावली तिथून हिरो सुरू होतो. पहिल्यांदा बघताना कळलं नसेल, थांबा, परत लावतो, यावेळी कानाकडे बघा.