कुठला चौकोन, कुठला पाव?

(बारावीच्या मुलांसाठी वाचनालयाच्या हॉलमध्ये झालेलं व्याख्यान, थोडं काटछाट करून)

मागे ऐकू येतंय ना? पावसाचा आवाज पत्र्यावर एवढा आहे की मला माझाच ऐकू येत नाहीये, कोणाला नाही ऐकू आलं तर सरळ हात वर करा, लाजू नका. पालक मंडळी पण आलीयत, बरं वाटलं. तुम्हाला काही कळलं नाही तरी चहा आहे शेवटी.

पत्रिकेत विषय छापलाय 'गाऊसचा नियम: योग्य सरफेस कसा निवडावा', म्हणजे गोल कधी, सिलिंडर कधी, डबी कधी. ते मी सांगणारच आहे. पण त्याआधी एक प्रश्न सांगतो, कारण तो माझ्या डोक्यात दोन वर्षं घर करून बसलाय आणि घरातले आता ऐकायला तयार नाहीत.

जुने पेपर सोडवलेत ना सगळ्यांनी? मग हा नक्की बघितला असेल. चौरस आहे, बाजू a. त्याच्या मध्यावर, बरोबर a/2 उंचीवर चार्ज q. चौरसातून फ्लक्स किती? इंटिग्रेशन करायला बसलात तर पेपर संपेल. म्हणून आपण काय करतो, चौरसाला क्यूबचा तळ समजतो आणि उरलेले पाच फेस मनातल्या मनात उभे करतो. चार्ज क्यूबच्या बरोबर मध्ये आला. एकूण फ्लक्स q/ε₀, सहा फेस सारखे, म्हणून एकातून q/(6ε₀). आकडेमोड सोपी जावी म्हणून मी नेहमी q = 8.85 मायक्रोकूलॉम घेतो, मग q/ε₀ बरोबर दहा लाख होतं (एकक न्यूटन मीटर वर्ग प्रति कूलॉम, ते लिहायला विसरलात तर मार्क गेला) आणि एका फेसचा वाटा एक लाख सहासष्ट हजार सहाशे सदुसष्ट.

इथपर्यंत कोणाचंच भांडण नाही. आता भांडण सांगतो.

आमच्या शेजारची मुलगी, तेव्हा बारावीत, एका क्लासची टेस्ट सिरीज लावली होती. क्लासचं नाव घेत नाही, उगाच पुढच्या वर्षी मला हॉल मिळायचा नाही. ती एक दिवस पेपर घेऊन आली, म्हणाली काका, हे बघा ना. प्रश्न असा होता: चौरस बाजू a, चार्ज मध्याच्या बरोबर वर, पण उंची a/2 नाही, a. हिने 'यापैकी नाही' वर टिक केली होती. ती चूक धरली, वर निगेटिव्ह मार्किंग. उत्तरपत्रिकेत छापलेलं q/(24ε₀).

मी फोन केला. माणूस सभ्य होता, त्याने सगळं नीट समजावून सांगितलं मला. म्हणाला, सर, उंची a आहे म्हणून 2a बाजूचा क्यूब घ्या, चार्ज मध्यभागी आला, एका फेसमधून एक षष्ठांश. आपला चौरस a बाय a, फेस 2a बाय 2a, म्हणजे आपला चौरस फेसच्या पाव. सहा चोक चोवीस. मी म्हटलं, बरोबर, पण कुठला पाव? तो म्हणाला, पाव म्हणजे पाव सर! मी म्हटलं, अहो मधला की कोपऱ्याचा? त्यावर तो म्हणाला, बाकी कोणाची तक्रार आलेली नाही. हे कोकणात आम्हाला वीज मंडळापासून सगळीकडे ऐकायची सवय आहे, त्यामुळे मी फोन ठेवला आणि बल्ब काढला.

आता नीट ऐका, हा भाग महत्त्वाचा आहे. आमच्या खळ्यात फूटभराच्या लाद्या आहेत. चार बाय चार अशा सोळा लाद्यांभोवती खडूने रेघ मारली, हा झाला मोठा फेस. बरोबर मध्यावर दोन फूट उंच एक छोटा बल्ब टांगला, सगळे बाकीचे दिवे बंद (त्यासाठी काही करावं लागलं नाही, गेलेलीच होती, बल्ब इन्व्हर्टरवर होता). बल्बचा प्रकाश लादीवर जसा पडतो तसाच पॉइंट चार्जचा फ्लक्स पडतो, अंतराच्या वर्गाने कमी होतो आणि तिरका पडला की आणखी कमी. बल्ब सगळीकडे अगदी सारखा प्रकाश देत नाही हे मान्य, पण खालच्या बाजूला आपल्या कामापुरता देतो. मग त्या पोरीला म्हटलं, मधल्या चार लाद्या बघ आणि या कोपऱ्याच्या चार लाद्या बघ. दोन्हीकडे चारच. दोन्ही फेसच्या पाव. प्रकाश सारखा आहे का?

बघायची गरजच नव्हती. मधे लखलखाट आणि टोकाच्या लादीवर अंधुक. हिशोबाने मोठ्या चौकोनाच्या अगदी टोकाला तीव्रता मध्यबिंदूच्या एक पंचमांशच्या आसपास येते: टोकाचं अंतर a√3, आणि लंब घटक पडतो उंची भागिले अंतराचा घन, म्हणजे मध्याच्या 1/(3√3), ०.१९.

म्हणजे मधल्या चार लाद्यांच्या वाट्याला पावापेक्षा जास्त आलं पाहिजे. किती? बारावीच्या पोरांनी हे काढायचं नसतं, पण सॉलिड अँगलचं सूत्र आहे, त्यातून उत्तर येतं एकूण फ्लक्सच्या साधारण ०.०६४१ पट. आपल्या दहा लाखांच्या हिशोबात चौसष्ट हजार. क्लासने छापलेलं उत्तर येतं एक्केचाळीस हजार सहाशे सदुसष्ट. म्हणजे खरं उत्तर छापील उत्तराच्या दीडपटीहून जास्त! आणि पोरीचा मार्क कापला. तो परत मिळाला नाही, हेही सांगून टाकतो.

मग q/(24ε₀) आलं कुठून? हवेतून नाही आलं. जुन्या पेपरात एक खरा प्रश्न आहे, त्यात चार्ज चौरसाच्या *कोपऱ्याच्या* वर a उंचीवर असतो. तिथे उत्तर q/(24ε₀) शंभर टक्के बरोबर. कारण तसेच चार चौरस त्या कोपऱ्याभोवती लावले की 2a बाजूचा फेस पूर्ण होतो आणि चार्ज त्याच्या मध्यावर येतो. कोणीतरी तो प्रश्न घेतला, 'कोपऱ्याच्या' काढून 'मध्याच्या' लिहिलं आणि उत्तर तसंच ठेवलं.

आता यातून घ्यायचं काय तर मी एक कसोटी सांगतो, वहीत लिहा. दोन तुकड्यांतून फ्लक्स सारखा आहे असं म्हणायच्या आधी विचारा: आख्खी आकृती फिरवून किंवा आरशात उलटी करून मला एक तुकडा दुसऱ्यावर बसवता येतो का, *आणि चार्ज जागचा हलत नाही का?* दोन्ही हो, तर फ्लक्स सारखा. कोपऱ्याचे चार पाव बघा, बल्बच्या दोरीभोवती नव्वद अंश फिरवलं की एक दुसऱ्यावर बसतो, बल्ब तिथेच. मधला पाव कोपऱ्यावर न्यायचा तर सरकवावा लागतो, आणि सरकवला की चार्जही सरकतो. क्षेत्रफळ सारखं आहे याचा इथे काही उपयोग नाही.

हीच कसोटी घेऊन क्यूबच्या कोपऱ्यावर चार्ज हा प्रश्न करा. तुम्हाला 'कोपरा आठ, कड चार, फेस दोन' असं पाठ आहे, माहितीय मला. आठ क्यूब रचले की चार्ज मध्ये येतो, म्हणून एका क्यूबच्या वाट्याला q/(8ε₀). बरं, मग त्या क्यूबच्या एका फेसमधून किती? निम्मी मुलं सहाने भागतात, अठ्ठेचाळीस. का? कारण फेस सहा. पण चार्जला चिकटलेले तीन फेस आणि समोरचे तीन फेस एकमेकांवर बसतात का, चार्ज न हलवता? नाही बसत. चिकटलेल्या तिघांत फील्ड पृष्ठाला समांतर धावतं, फ्लक्स शून्य. सगळा एक अष्टमांश समोरच्या तिघांत, म्हणजे प्रत्येकी q/(24ε₀). हेच ते चोवीस! कोपऱ्यावरचा चौरस आणि हा फेस एकच गोष्ट आहे, बघा पटतंय का.

म्हणून सोडवलेलं उदाहरण वाचताना उत्तराकडे नंतर बघा. 'सिमेट्रीने' असं जिथे लिहिलंय तिथे बोट ठेवा आणि चार्ज मनातल्या मनात जरा बाजूला ढकला. ती ओळ तुटली पाहिजे. तुटली नाही तर तुम्हाला ती कळलेली नाही, किंवा छापणाऱ्याला.

किती झाले? दहा मिनिटं? अरे देवा, आणि मुख्य विषय राहिलाच. गाऊसने हा नियम १८३५ मध्ये मांडला आणि छापून आला १८६७ मध्ये, तो वारल्यावर बारा वर्षांनी, त्यामानाने मी वेळेत आहे.

तर पटापट. आत्तापर्यंत आपण फक्त फ्लक्स मागत होतो, फील्ड नाही. E काढायचं असेल तर सिमेट्रीकडून जास्त मागावं लागतं: सरफेसच्या प्रत्येक भागावर एकतर E लंब आणि सगळीकडे तेवढंच हवं, नाहीतर समांतर हवं म्हणजे तिथला हिशोब शून्य. पॉइंट किंवा गोलावर पसरलेला चार्ज, गोल सरफेस. लांब तार, सिलिंडर, दोन्ही झाकणं शून्य, E = λ/(2πε₀r). मोठा सपाट पत्रा, डबी, इथे उलट, बाजू शून्य आणि झाकणं दोन, म्हणून EA + EA = σA/ε₀ आणि E = σ/(2ε₀). धातूच्या पृष्ठभागाजवळ तीच डबी, पण एक झाकण धातूच्या आत, तिथे E शून्य, एकच झाकण उरलं, म्हणून σ/ε₀. हा दोनचा घोळ दरवर्षी होतो, सूत्र पाठ करू नका, झाकणं मोजा.

शेवटचं, मग सोडतो, एसटी आहे बऱ्याच जणांची. तार लांब नसेल तर? समजा वीस सेंटिमीटरचा रॉड. त्याच्याभोवती सिलिंडर घाला, आतल्या चार्जला ε₀ ने भागलं की एकूण फ्लक्स मिळतो, नियम कुठेही मोडत नाही. पण E सगळीकडे सारखं नाही, झाकणांतूनही फ्लक्स जातो, त्यामुळे E बाहेर काढता येत नाही. लांब तारेचं सूत्र मग चालतं कुठे? रॉडच्या मध्यासमोर एक सेंटिमीटरवर खरं E सूत्राच्या ०.९९५ पट आहे, अर्धा टक्का फरक, खुशाल वापरा. तिथेच दहा सेंटिमीटर लांब गेलात तर ०.७०७ पट, एकोणतीस टक्के कमी, आणि टोकाकडे सरकलात तर आणखी बिघडतं. पेपरात रॉडची लांबी दिली असेल आणि अंतर तिच्या जवळपास असेल तर सिलिंडर काढू नका, इंटिग्रेशनच करा.

हो गो, विचार. उघडा खोका, झाकण नाही, तोंडाच्या बरोबर मध्यावर चार्ज? छान आहे प्रश्न. खोक्यावर तसाच दुसरा खोका उलटा ठेव आणि बघ चार्ज कुठे आला. q/(2ε₀), पाच फेसमधून मिळून. आता मला विचार, तळातून एकट्यातून किती, आणि आधी ठरव की बाजूंचे चार फेस तळावर बसतात का.

चला, चहा.