क्लायंटनं कौतुक केलं, आता उत्तरात काय लिहू?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत तक्रारीच्या मेलला उत्तर कसं द्यायचं ते सांगितलं, तर खाली कमेंटवर कमेंट: "ताई, तक्रारीचं जमतं हो, कौतुक आलं की काय लिहायचं सुचत नाही." बरं, आज तेच घेऊ.

सोपं आधी उरकते. उत्तर त्याच दिवशी द्यायचं, फार तर दुसऱ्या दिवशी. पाच-सहा वाक्यं पुरेत. सुरुवातीला आभार. झालं.

गाडी अडते ती पुढच्या वाक्यावर. "याचं सगळं श्रेय माझ्या टीमला जातं." हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं! टीम म्हणजे कोण? काय केलं त्यांनी? क्लायंटला यातून काहीच कळत नाही, तो "छान" म्हणतो आणि मेल बंद करतो.

मीही हेच लिहायचे, खोटं कशाला बोलू. एकदा असाच मेल पाठवला, सहकारी मैत्रीण सीसीमध्ये होती, आणि ते काम जवळजवळ एकटीनं तिनंच ओढलं होतं. संध्याकाळी चहा पिताना शांतपणे म्हणाली, "त्या टीममध्ये मी होते ना गं?" घोट घशाखाली उतरेना माझ्या.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे, नाव न घेता श्रेय वाटलं तरी ते सही करणाऱ्याकडेच राहतं. वाचणाऱ्याला वाटतं, काय नम्र आहेत या! म्हणजे टीमच्या नावावर कौतुक पुन्हा आपल्यालाच.

म्हणून नाव आणि त्या माणसानं केलेलं एक नेमकं काम, दोन्ही लिहायचं. समजा क्लायंटचा मेल आलाय: "जुना सगळा हिशेब नव्या सॉफ्टवेअरमध्ये आला, सोमवारी सकाळी नेहमीसारखी बिलं निघाली, कुणाला पत्ताही लागला नाही. मस्त काम!" आणि समजा तुमच्याकडे नेहा आणि इम्रान आहेत. मी असं लिहीन:

"तुमचा मेल वाचून फार बरं वाटलं, मनापासून आभार. जुन्या नोंदींमध्ये काही ग्राहकांची खाती दोनदा होती, ती नेहानं आधीच शोधून काढली, म्हणून सोमवारी बिलं अडली नाहीत. रविवारी रात्री इम्राननं जुन्या-नव्या दोन्हीकडच्या बाकी रकमा ताडून पाहिल्या. तुमच्या अकाउंट्स विभागानं शुक्रवारीच नोंदी थांबवल्या, त्यामुळे हे सगळं दोन दिवसांत बसलं. तुमचा मेल दोघांनाही दाखवला आहे. मागे तुम्ही स्टॉकच्या रिपोर्टचं म्हणाला होतात. वर्षअखेरची धावपळ संपली की कळवा, बसून बोलू."

त्यांच्या अकाउंट्स विभागाचं वाक्य पाहिलंत? क्लायंटनं त्याच्या साहेबांना सीसीमध्ये ठेवलं असेल तर रिप्लाय ऑल करा, म्हणजे त्यांच्या माणसांचं नावही वरपर्यंत पोचतं. फक्त मेलमध्ये पैशांची बोलणी असतील तर आपल्या टीमला सीसीमध्ये घालू नका, कौतुकाचा भाग वेगळा दाखवा.

आणि शेवटचं आमंत्रण. विषय त्यांनीच कधीतरी काढलेला, एकच, आणि सवड त्यांची. "आमच्या इतर सेवाही पाहा" म्हणत दरपत्रक जोडलंत, की वरचे आभार त्यासाठीच होते असं वाटणार.

एकानं लिहिलंय, "नावं सांगितली तर क्लायंट माणूस पळवेल." अहो, तीन महिने तो त्याच माणसाशी फोनवर बोलतोय, नाव त्याला पाठ आहे! हां, मध्ये दुसरी एजन्सी असेल आणि तुम्ही पडद्यामागे असाल, तर नावं देण्याआधी एजन्सीला विचारा.

दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत: "छे छे, काही विशेष नाही, सोपंच होतं." नम्रपणा कळला, पण समोरच्याला ते काम मोठं वाटलं होतं, त्याला तुम्ही चुकीचं ठरवताय. शिवाय पुढच्या कामाचा आकडा सांगाल तेव्हा तो म्हणेल, मागचं तर सोपं होतं ना? त्याऐवजी काम अवघड कुठे होतं ते सांगा आणि ते कुणी सोडवलं ते सांगा. फिरून मी परत नावांवरच आले, बघा.

एक राहिलं. कधी कौतुकाच्या शेपटीला बारीकशी तक्रार असते: "मस्त झालं, फक्त बिलावर तारीख उलटी छापली जाते." अशा मेलला उत्तर देताना आभार माना, नावं घ्या, तारीख कधीपर्यंत दुरुस्त होईल ते लिहा आणि थांबा. स्टॉकच्या रिपोर्टचा विषय तारीख नीट छापलेलं बिल त्यांच्या हातात पडल्यावरच काढा.